व्हिसा मुलाखतीची सकाळ कथेत खरी कशी उतरवायची?

«एक लघुकथा लिहितेय. नायिका एफ-१ विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतीला जाते, बाहेरच्या रांगेपासून अधिकाऱ्याच्या शेवटच्या प्रश्नापर्यंतची एकच सकाळ. मी स्वतः कधी अशी मुलाखत दिलेली नाही. ज्यांनी दिली आहे ते कथा वाचून म्हणतात, ‘असं काही नसतं तिथे.’ मग कसं असतं? आणि शेवटचा प्रश्न काय असावा?»

तुमचा कच्चा खर्डा मी पाहिलेला नाही, पण विद्यार्थ्यांची व्हिसाची तयारी करून घेणं हेच काम असल्यामुळे अशा कथा बहुधा कुठे घसरतात ते सांगू शकेन. लेखक मुलाखतीला परीक्षा समजतो. टेबलापलीकडे करडा अधिकारी, एकामागून एक अवघड प्रश्न, अर्धा तास चाललेली झुंज आणि शेवटी पासपोर्टवर धाडकन शिक्का. अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात यातलं काहीच नसतं. मुलगी उभी असते, मधे काच असते, बोलणं मायक्रोफोनवरून होतं आणि सगळं दोन-तीन मिनिटांत आटपतं. शिक्का नसतोच. व्हिसा नंतर छापून पासपोर्टात चिकटवला जातो आणि पासपोर्ट काही दिवसांनी हाती येतो. मग कथेला ताण कुठून आणायचा? तो एका साध्या गोष्टीत आहे. मुलीने काही आठवड्यांपूर्वी भरलेला डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज अधिकाऱ्याच्या पडद्यावर उघडा असतो. तिने त्यात काय लिहिलं होतं ते त्याला दिसतं, तिला दिसत नाही. मुलाखत म्हणजे त्या लिहिलेल्याची आणि आत्ताच्या बोलण्याची गाठ. हे धरून ठेवलंत तर रांगेपासून शेवटच्या प्रश्नापर्यंत एकच धागा मिळतो.

आधी एक सांगून ठेवतो. खिडक्यांचा क्रम, बसायला खुर्च्या आहेत की नुसती रांग, ठसे त्याच दिवशी घेतात की आधीच्या दिवशी, हे दूतावासागणिक बदलतं. भारतासह बऱ्याच ठिकाणी फोटो आणि दहाही बोटांचे ठसे आधी वेगळ्या केंद्रात देऊन व्हायचे असतात, आणि मुलाखतीच्या दिवशी फक्त पडताळणी होते. कथेतला दूतावास ठरावीक शहरातला असेल तर तिथे नुकतंच जाऊन आलेल्या एखाद्याला गाठून एवढा क्रम विचारून घ्या. बाकीचं जवळपास सगळीकडे सारखं आहे.

आता रांग. ती वेळेच्या गटांनुसार लागते. समजा नायिकेची वेळ नऊची आहे. ती आठलाच येऊन उभी राहिली तरी आधीच्या गटाला आत सोडेपर्यंत तिला कुणी विचारणार नाही. हातात पारदर्शक फाइल, कारण मोठी बॅग आत नेता येत नाही. फोन नाही, स्मार्ट घड्याळ नाही, इअरफोन नाहीत. फोन बरोबर आलेल्या माणसाकडे द्यायचा आणि तो माणूस बाहेरच थांबतो. सज्ञान अर्जदाराबरोबर आईवडिलांना आत सोडत नाहीत. कथेसाठी ही फार कामाची गोष्ट आहे आणि लेखक तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. फोन गेला की मुलीची वेळ गेली, पाठ केलेली उत्तरं गेली, ‘एकदा दादाला विचारून घेते’ हा आधारही गेला. पुढचे दोन-तीन तास तिच्याजवळ कागद आहेत आणि जे आठवेल ते आहे. किती वाजले हेही तिला भिंतीवर घड्याळ दिसलं तरच कळेल. तुमच्या खर्ड्यात ती आत उभी राहून मैत्रिणीला मेसेज करत असेल, तर वाचकाचा विश्वास तिथेच उडतो.

रांगेत बोलणारे भेटतात आणि बहुतेकांचे सल्ले चुकीचे असतात. ‘चार नंबरची खिडकी सगळ्यांना नाकारते’, ‘हसून बोल’, ‘नातेवाईक आहेत असं चुकूनही सांगू नको’. खिडकी अर्जदार निवडत नाही, जिथे पाठवतील तिथे जावं लागतं, त्यामुळे पहिला सल्ला खरा असला तरी निरुपयोगी. तिसरा मात्र घातक आहे. कथेचा कणा मी त्यावरच उभा केला असता. एक उदाहरण घेऊन तेच शेवटपर्यंत नेतो.

नायिका पर्यावरण अभियांत्रिकीत मास्टर्स करायला निघाली आहे, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. मोठा भाऊ २०१६ साली असाच शिकायला गेला आणि आता तिथेच एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. डीएस-१६० मध्ये एक प्रश्न असतो: आईवडील सोडून जवळचे नातेवाईक, म्हणजे जोडीदार, मुलं, भावंडं, अमेरिकेत आहेत का? ‘हो’ म्हटलं की नाव, नातं आणि तिथला दर्जा भरावा लागतो. तिने महिन्यापूर्वी, घरी, शांतपणे, खरं तेच भरलं. आज रांगेत पुढे उभा असलेला मुलगा खात्रीने सांगतो, ‘भाऊ तिकडे आहे म्हटलंस की संपलं. विचारलं तर नाही म्हण.’ तिच्या डोक्यात किडा वळवळू लागतो. तिला आठवेनासं होतं की त्या रकान्यात आपण नेमकं काय लिहिलं. पुष्टीपत्राचा कागद हातात आहे, पण त्यावर फक्त नाव, फोटो, पासपोर्ट क्रमांक वगैरे आणि बारकोड. उत्तरं नसतात. अर्जाची पूर्ण प्रत छापून ठेवण्याचं तिला सुचलेलं नाही. पुष्कळ मुलांना सुचत नाही.

तपासणीत पट्टा, नाणी, किल्ल्या काढायच्या, धातुशोधकातून जायचं, एवढंच. त्यावर दोन ओळींपेक्षा जास्त खर्चू नका.

पहिली खिडकी स्थानिक कर्मचाऱ्याची. तो व्हिसाचा निर्णय घेत नाही, पण सकाळ इथे मोडू शकते, कथेत सहसा न येणाऱ्या कारणांनी. तो पासपोर्ट, अपॉइंटमेंटचं पत्र, डीएस-१६० चं पुष्टीपत्र, विद्यापीठाने प्रवेशासाठी दिलेला आय-२० फॉर्म आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीसाठी भरायच्या सेविस शुल्काची पावती मागतो. सगळ्यात जास्त गोंधळ पुष्टीपत्राचा. अर्जात चूक सापडली म्हणून एखादी मुलगी नवा डीएस-१६० भरते. नव्याचा क्रमांक वेगळा असतो आणि अपॉइंटमेंट मात्र जुन्या क्रमांकावर घेतलेली असते. ती नवा कागद घेऊन येते, बारकोड जुळत नाही, आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी अशाला सरळ नवी तारीख घ्यायला परत पाठवतात. दुसरी चूक क्षुल्लक पण घाम फोडणारी: आय-२० च्या पहिल्या पानावर खाली विद्यार्थ्याच्या सहीची जागा असते आणि ती कोरी राहिलेली असते. यावर उपाय तिथल्या तिथे, सही करायची. पण पेन कुठे आहे? पेन बाहेर ठेवलेल्या पर्समध्ये. मागच्या अनोळखी माणसाकडून पेन मागून, खिडकीच्या अरुंद कट्ट्यावर तिरका कागद धरून ती सही करते आणि सही पासपोर्टवरच्या सहीसारखी येत नाही. असा एखादा प्रसंग घातलात तर मुलाखत देऊन आलेला वाचक मान डोलावेल. पासपोर्टच्या मागच्या बाजूला बारकोडची चिकटपट्टी लागली की ती पुढे सरकते.

नंतर ठशांची पडताळणी. काचेच्या पट्टीवर डाव्या हाताची चार बोटं ठेवायची असतात. बोटं कोरडी असतील किंवा घामेजली असतील तर यंत्र घेत नाही. मग ‘पुसा, परत ठेवा, दाबा’. एका मिनिटाचं काम, पण ती घाबरली आहे हे न सांगता दाखवायला याहून सोपी जागा मिळणार नाही.

आता दालन, आणि माझ्या मते कथेचा सगळ्यात समृद्ध भाग हाच. मुलाखतीच्या खिडक्या शेजारी शेजारी असतात आणि वाट बघणाऱ्यांच्या रांगेतून बरंच ऐकू येतं. अर्जदार काचेपलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलतो, अधिकाऱ्याचा आवाज स्पीकरमधून तुटक येतो. म्हणजे तुमच्या नायिकेला उत्तरं नीट ऐकू येतात आणि प्रश्न अर्धेच. ती उत्तरावरून प्रश्न ओळखायला लागते. आणि रांगेतला प्रत्येकजण एकच गोष्ट बघत असतो: खिडकीतून वळलेल्या माणसाच्या हातात पासपोर्ट आहे का. व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट आतच ठेवून घेतात, माणूस मोकळ्या हाताने, किंवा फार तर एखादी चिठ्ठी घेऊन परततो. नकार असेल तर पासपोर्ट लगेच परत मिळतो, बरोबर एक छापील पत्र. चेहऱ्यावरून काही ठरवता येत नाही. काही जण मंजूर होऊनही बधिर चेहऱ्याने निघतात, कारण अधिकारी काय म्हणाला ते त्यांना धड ऐकूच आलेलं नसतं.

या हातांच्या वाचनात एक फसगत आहे. कलम २२१(जी) खाली प्रकरण थांबवलं की एक चिठ्ठी मिळते. त्यात कधी राहिलेले कागद मागवलेले असतात, कधी आणखी तपासणी बाकी असल्याचं लिहिलेलं असतं. अशा वेळी पासपोर्ट कधी ठेवून घेतात, कधी परत देतात. म्हणजे हातात पासपोर्ट दिसला म्हणून नकारच असं नाही. नायिकेला हे ठाऊक नसेल आणि तिच्या डोळ्यांसमोर तिघे ओळीने पासपोर्ट घेऊन परतले, तर तिची अवस्था काय होईल ते तुम्ही माझ्याहून चांगलं लिहाल. त्या तिघांच्या निकालाचा तिच्या निकालाशी काडीचा संबंध नसतो, कारण प्रत्येक अर्ज स्वतंत्र पाहिला जातो. पण रांगेत उभं राहून हे पटत नाही.

तिचा क्रमांक येतो. खिडकीसमोर उभी. काचेखालच्या फटीतून पासपोर्ट आणि आय-२० आत सरकवते. इथे अधिकाऱ्याला खलनायक करू नका. एका सकाळी त्याच्यापुढे एकामागून एक माणसं येत असतात, प्रत्येकासाठी मोजकी मिनिटं. तो बहुधा सभ्य असतो, घाईत असतो आणि तिच्यापेक्षा पडद्याकडे जास्त बघतो. त्याच्यापुढे कायद्याने घालून दिलेली एक अडचण आहे. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचं कलम २१४(बी) सांगतं की असा अर्जदार कायमचा राहायला निघाला आहे असंच आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने अधिकाऱ्याला पटवायचं. संशय हा अधिकाऱ्याचा स्वभाव नाही, कायद्यातली सुरुवातीची जागा आहे. तिथून तो हलतो की नाही, एवढंच या मिनिटांत ठरतं.

संवाद असा जाऊ शकेल. (तो इंग्रजीत होतो, मी मराठीत लिहितो. अधिकाऱ्याची वाक्यं आखूडच ठेवा.)

‘काय शिकायला जाताय?’

‘पर्यावरण अभियांत्रिकी, मास्टर्स.’

‘हेच विद्यापीठ का?’

पाठ केलेलं उत्तर इथे उघडं पडतं. जागतिक दर्जाचे प्राध्यापक, अत्याधुनिक सुविधा, उत्तम मानांकन, हे त्याने त्याच सकाळी कितीदा ऐकलेलं असतं. अशा वेळी तो टोकत नाही, नुसता मधेच तोडून पुढचा प्रश्न विचारतो. नायिकेला चांगलं उत्तर द्यायचं असेल तर त्यात दुसऱ्या कुणाला देता येणार नाही असं काहीतरी हवं: ‘माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर होता. तिथे भूजलाचीच प्रयोगशाळा आहे.’ दोन वाक्यं, बस. तिसरं वाक्य ती सुरू करते आणि तोवर त्याचा पुढचा प्रश्न आलेला असतो. मुलाखत दिलेले लोक हे तोडणं कधी विसरत नाहीत. आपलं ऐकलंच नाही असं त्यांना वाटतं, आणि खरं तर तेवढ्यात त्याचं काम झालेलं असतं.

‘किती ठिकाणी अर्ज केले?’

‘पाच. दोन ठिकाणी प्रवेश मिळाला.’

‘खर्च कोण करतंय?’

इथे आकडे नीट जुळवून लिहा, कारण जाणकार वाचक ते तपासतात. आय-२० वर एका वर्षाचा अंदाजे खर्च आणि तो कुठून येणार हे छापलेलं असतं. समजा शिक्षणशुल्क ३०,००० डॉलर, राहणं-खाणं १८,०००, विमा आणि बाकीचं ४,०००, एकूण ५२,०००. त्याखाली निधी: कर्ज ४०,०००, कुटुंबाची बचत १२,०००. ती म्हणते, ‘सत्तर हजार डॉलरचं शैक्षणिक कर्ज मंजूर आहे, त्यातले चाळीस पहिल्या वर्षाला. बाकी वडिलांची बचत.’ तो विचारतो, ‘आणि दुसऱ्या वर्षी?’ कर्जातले उरलेले ३०,००० आणि बचतीतून २२,०००, म्हणजे परत ५२,०००. पहिल्या वर्षाचा पैसा हाताशी असल्याचं दाखवावं लागतं आणि पुढचा कसा येणार ते पटण्यासारखं असावं लागतं. घाबरलेली मुलं इथे म्हणून जातात, ‘तिथे कॅम्पसवर काम करून भागवेन.’ हे उत्तर पाय कापून घेणारं आहे, कारण न मिळालेल्या कामाचा पैसा निधीत धरता येत नाही, आणि शिकायला चाललेली मुलगी कमवायची गणितं मांडते आहे असं दिसतं.

कागदांबद्दल एक गोष्ट. तिच्या फाइलमध्ये कर्जाचं मंजुरीपत्र आहे, वडिलांचे बँकेचे उतारे आहेत, गुणपत्रिका आहेत, सगळं क्रमाने लावलेलं. तो त्यातलं काहीच मागत नाही. पुष्कळ मुलाखती पासपोर्ट आणि आय-२० यांवरच संपतात. ती स्वतःहून कागद पुढे करू लागली तर तो बहुतेक हात करून थांबवतो. तिच्या वडिलांनी आठवडाभर राबून जमवलेली ती फाइल न उघडताच परत जाणार, हे काही न बोलता कथेत ठेवता येईल.

मग तो टाइप करतो. या शांततेला कथेत जागा द्या. तो दहा-पंधरा सेकंद, कधी जास्त, काहीच बोलत नाही, नुसत्या कळा वाजतात. तो प्रकरणाच्या नोंदी लिहीत असतो किंवा अर्जाचं पुढचं पान वाचत असतो. मुलांना वाटतं नकारच लिहितोय. काही जण ही शांतता भरून काढायला स्वतःहून बोलायला लागतात आणि न विचारलेल्या गोष्टी सांगून बसतात. तुमची नायिका तसं करू शकते, पण मग त्याचे परिणामही दाखवावे लागतील. मी तिला गप्प ठेवली असती.

आणि मग, पडद्यावरून नजर न काढता: ‘तुमचा भाऊ तिथे काय करतो?’

बघा, तो ‘भाऊ आहे का’ असं विचारत नाही. भाऊ आहे हे त्याच्यासमोर आहे. रांगेतल्या मुलाचा सल्ला इथे एका क्षणात निकामी होतो, आणि तिने तो मानायचं ठरवलेलं असतं तर काय झालं असतं ते तिलाही कळतं. ‘नाही’ म्हणणं नुसतं वाईट उत्तर ठरलं नसतं. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली असं ठरलं तर कायद्याच्या कलम २१२(ए)(६)(सी) खाली माणूस कायमचा अपात्र होतो, आणि पुढे कधीही जायचं तर विशेष माफी मिळवावी लागते. साधा २१४(बी)चा नकार त्यामानाने फार हलका: त्यावर अपील नसतं, पण शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो आणि थांबण्याची सक्तीची मुदत नसते. या दोन गोष्टींमधलं अंतर म्हणजे तुमच्या कथेतला खरा धोका. तिथे भाऊ असणं हा गुन्हा नाही. पुष्कळांचे असतात आणि पुष्कळांना व्हिसा मिळतो.

‘सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एच-१बीवर. २०१६ मध्ये शिकायला गेला होता.’

आता शेवटचा प्रश्न. सगळ्यात जास्त कथा इथे बिघडतात, कारण लेखक तो गडगडाटी करतो: ‘तुमचं तुमच्या देशावर प्रेम आहे?’ असला काहीतरी. अधिकाऱ्याचा शेवटचा प्रश्न छोटा असतो, आणि आधीच्या उत्तरांतून जी एक शंका उरली असेल तिच्यावर बोट ठेवणारा असतो. पैशाचं पटलं नसेल तर तो पैशावर येतो, विषय का बदलला हे कळलं नसेल तर त्यावर. म्हणून शेवटचा प्रश्न आधी ठरवू नका. आधी शंका ठरवा. आपल्या उदाहरणात पैसा जुळला, विषय जुळला. उरला तो भाऊ, शिकायला गेलेला आणि न परतलेला. तेव्हा प्रश्न एकच शक्य आहे:

‘आणि तुम्ही? शिक्षण झाल्यावर?’

तिने इथे भाषण करू नये. मायभूमीची सेवा वगैरे म्हटलं की भावाने परतायला हवं होतं असा आरोपही त्यात आपोआप येतो, आणि खोटेपणा कानाला लागतो. विद्यार्थ्याकडून पुढच्या सगळ्या आयुष्याचा आराखडा मागणं नियमांतही अपेक्षित नाही. अधिकाऱ्यांसाठीच्या सूचना सांगतात की विद्यार्थी बहुधा तरुण असतात, त्यांच्या नावावर घर, नोकरी, मालमत्ता नसणं स्वाभाविक आहे, म्हणून आजचा त्यांचा हेतू काय आहे ते पाहावं. अमुक पगाराची नोकरी माझी वाट पाहतेय, असं तिने रचून सांगण्याची गरज नाही. मी तिला असं बोलू दिलं असतं:

‘ज्या प्रयोगशाळेत प्रकल्प केला, तिथे पाण्याचे नमुने तपासायला माणसं कमी पडतात. मला परत येऊन ते काम करायचंय. नोकरी अजून ठरलेली नाही.’

शेवटचं वाक्य ठेवाच. सल्ले देणारे ते काढायला सांगतील, कारण ते कच्चं वाटतं. पण मघापासून तिच्या तोंडून आलेल्या उत्तरांत हेच एक वाक्य कुणी पढवलेलं नाही, आणि ते खरं आहे. ते ऐकून अधिकारी विरघळतो असं मात्र दाखवू नका. तो आणखी काही कळा दाबतो.

निकाल दाखवायचा की नाही, हा तुमचा प्रश्न. दाखवायचा असेल तर एक हालचाल पुरते. मंजूर असेल तर पासपोर्ट त्याच्या बाजूला राहतो, ‘तुमचा व्हिसा मंजूर आहे’ एवढं तो म्हणतो आणि आय-२० फटीतून परत येतो. नकार असेल तर पासपोर्ट आणि छापील पत्र एकत्र बाहेर येतात, तो कलमाचा उल्लेख करतो आणि पुढच्याला बोलावतो. नकाराची सविस्तर कारणं तो सांगत बसत नाही. नायिकेने कितीही ‘का?’ विचारलं तरी त्या पत्रात छापलंय तेवढंच तिला मिळेल. पडद्यावरच्या नोंदीत काय आहे ते तिला कधीच कळणार नाही. नकारावर कथा संपवायची असेल तर खटका इथे आहे: चुकलं कुठे हे ठरवायला तिच्याकडे दोन-तीन मिनिटांची आठवण आहे आणि त्यात चूक सापडत नाही.

शेवटी वर्ष तेवढं पक्कं करा, कारण बारीकसारीक तपशील त्यावर हलतात. समाजमाध्यमांवरच्या मागच्या पाच वर्षांतल्या खात्यांची नावं डीएस-१६० मध्ये २०१९ पासून विचारली जातात, त्याआधीच्या कथेत तो रकाना नको. सेविसचं शुल्क जून २०१९ पर्यंत २०० डॉलर होतं, नंतर ३५०. व्हिसाचं शुल्क जून २०२३ मध्ये १६० वरून १८५ झालं. मार्च २०२० नंतरचे काही महिने नेहमीच्या मुलाखती बंदच होत्या. २०२५ च्या मे अखेरीस विद्यार्थ्यांच्या नव्या तारखा देणं थांबलं आणि १८ जूनला ते पुन्हा सुरू करण्याचं जाहीर झालं, सोबत सगळी खाती सार्वजनिक करून ठेवायच्या सूचनेसह. कथा त्या उन्हाळ्यातली असेल तर चांगली उत्तरं देऊनही नायिकेच्या हातात २२१(जी)ची चिठ्ठी पडू शकते. तेव्हा तसं बऱ्याच जणांचं झालं. मग तिचा शेवटचा प्रश्न अधिकाऱ्याच्या तोंडून सुटलेला असेल, पण निकाल तिच्या जुन्या पोस्ट वाचून होईपर्यंत लांबलेला असेल.